दुसऱ्या भेटीचा मेसेज पाठवण्याआधी

वर्ध्याला बसस्टँडजवळ एकीसोबत माझी पहिली कॉफी झाली आणि तास कसा गेला कळलंच नाही. गावी परतल्यावर मी लिहून बसलो होतो, "छान वाटलं, परत भेटू कधीतरी." पाठवलं नाही हे बरं झालं. अशा मेसेजला समोरचं माणूस "हो, नक्की" म्हणतं आणि गोष्ट तिथंच थांबते, कारण दिवस, वेळ, जागा ठरवायचं सगळं ओझं त्याच्यावरच पडतं.

म्हणून आधी पहिल्या भेटीतलं अर्धवट राहिलेलं बोलणं आठवा. त्यांनी विचारलं होतं, गांधीजी सेवाग्रामला आल्यापासून बापू कुटीतच राहायचे का? मला तेव्हा सांगता आलं नव्हतं. नंतर कळलं, 1936 साली आधी आदि निवास बांधला गेला, बापू कुटीत ते मागाहून राहायला गेले. म्हणजे जागा ठरलीच, सेवाग्राम आश्रम. उघडी, लोकांची वर्दळ असलेली, दोघांनाही अवघडल्यासारखं होणार नाही अशी.

मग त्यांच्या बाजूनं दिवस जुळवून पाहा. त्यांच्या गावाहून वर्ध्याला सकाळची एसटी किती वाजता येते, परतीची कधी आहे, हे स्टँडवर विचारून घ्या. "मी गाडीवर घ्यायला येतो" असं मात्र लिहू नका. लहान गावात कोण कोणाच्या गाडीवर बसलं हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याचा त्रास त्यांनाच होईल. आपापलं येणं, आपापलं जाणं. भेट कधी संपणार हेही लिहा. हो म्हणणं त्यानं फार सोपं होतं.

मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास पाठवलं, रात्री उशिरा नाही:

"नमस्कार. काल तुमच्याशी बोलून खूप छान वाटलं. बापू कुटीबद्दल तुम्ही विचारलं होतं, त्याचं उत्तर मिळालं, तिथंच दाखवतो. येत्या रविवारी सकाळी 10 वाजता आश्रमाच्या फाटकाशी भेटू या का? तासभर फिरू, चहा घेऊ, 12 च्या आत मोकळे. जमत नसेल तर अगदी मोकळेपणानं सांगा."

एवढंच. दोन-तीन पर्याय दिले की निवडण्याचं काम परत त्यांच्याकडे जातं.

उत्तर वाचायची तयारीही आधीच असावी. "बघते" आलं आणि पुढं दिवस नसेल तर ते बहुधा नाहीच असतं. चार-पाच दिवसांनी एकदा साधी विचारपूस करा, भेटीचा विषय पुन्हा काढू नका. दिवस बदलून मागितला तर तो होकार समजा. मला उत्तर आलं, "रविवारी आमच्याकडे कापूस वेचायला बाया येणार आहेत. शनिवारी चालेल का?" मी लगेच लिहिलं, "चालेल. 10 वाजता, फाटकाशी."