पार्सलचा डबा मायक्रोवेव्हमध्ये ठेवण्याआधी उलटा करून बघा

टिळकवाडीत आमच्या शेजारच्या आक्कांनी परवा रात्रीचा उरलेला मटणाचा रस्सा हॉटेलच्या डब्यातच तीन मिनिटं गरम केला. डबा बाहेर काढला तर एक बाजू आत ओढली गेलेली, आणि तर्री जिथे डब्याला टेकली होती तिथे सगळीकडून पांढरट, खरखरीत रेघ.

"अहो, पाच नंबरचा डबा होता की!" आक्का म्हणाल्या.

खरंच पाचच होता. गोंधळ तिथेच होतो, म्हणून सुरुवात बुडापासून करू.

रिकामा डबा उलटा करा. बाणांच्या त्रिकोणात १ ते ७ पैकी एक आकडा दिसेल. तो डबा कुठल्या प्लास्टिकचा, एवढंच सांगतो. भंगारात वर्गवारी करायला तो असतो. तो मायक्रोवेव्हची परवानगी देत नाही. पाच म्हणजे पीपी, अर्थात पॉलिप्रोपिलीन. ते साधारण १६० अंशांना वितळतं, त्यामुळे घरगुती डब्यांत गरम करायला त्यातल्या त्यात बरं. पण मऊ पडायला ते १६० ची वाट बघत नाही, आणि पार्सलचा पातळ डबा जाड डब्याआधी आकार सोडतो. एक नंबरचं पेट तर ७० अंशांच्या आसपासच ढिलं पडतं. पाण्याच्या बाटल्या त्याच्याच असतात, आणि मिठाईचे बरेचसे पारदर्शक डबेही. कुंदा कोमट करून खायची हौस असेल तर तो आधी वाटीत काढा. सहा नंबर, म्हणजे थर्माकोल आणि कडक ठिसूळ कप, आणि तीन नंबर हे गरम करायला नकोच. सातमध्ये 'बाकी सगळं' येतं, त्यामुळे तो आकडा काहीच सांगत नाही.

आता त्रिकोण सोडा आणि दुसरी खूण शोधा: नागमोडी रेघा, बहुतेकदा ताटलीच्या किंवा चौकटीच्या चित्राबरोबर, नाहीतर 'मायक्रोवेव्ह सेफ' अशी अक्षरं. परवानगी ती. पेला आणि काटा चमचा असं चित्र असेल तर डबा अन्न ठेवायला चालतो, एवढाच अर्थ. बर्फाचं फूल म्हणजे फ्रीजरला चालतो. खूण डब्यावर सापडली की झाकणही उलटं करा. डबा पाच आणि झाकण चार किंवा एक, असं फार वेळा असतं. झाकण बाजूला ठेवून वर बशी तिरकी टेकवली तरी काम होतं.

मग आक्कांचा डबा का बिघडला? मायक्रोवेव्ह अशा प्लास्टिकला थेट फारसं तापवत नाही. तापतं अन्न, आणि अन्न डब्याला तापवतं. वरण, भात, भाजीतलं पाणी १०० अंशांना उकळतं आणि ताप तिथेच अडतो. तेल, तूप, साखरेच्या पाकाला असा लगाम नाही. डब्याच्या कडेला चिकटलेला तर्रीचा पातळ थर पाण्यापेक्षा जास्त तापतो, आणि नेमकं तिथेच प्लास्टिक मऊ होऊन खडबडीत होतं. मिरचीचा रंगही तेलात विरघळून त्याच मऊ भागात शिरतो, म्हणून तो तांबूस डाग कितीही घासला तरी जात नाही.

डबा वाकतो त्याचं कारण त्याच्या जन्मात आहे. बरेच पातळ डबे गरम केलेला सपाट पत्रा साच्यात ओढून बनवतात. पुन्हा पुरेसा ताप मिळाला की ते प्लास्टिक मूळच्या सपाट आकाराकडे ओढलं जातं. म्हणजे वाकलेली बाजू हा एक प्रकारचा थर्मामीटरच: ताप मर्यादेबाहेर गेला होता. तापून मऊ झालेल्या प्लास्टिकमधले घटक, विशेषतः तेलकट पदार्थात, जास्त सहज उतरतात. एकदा तसं जेवलात म्हणून घाबरून जायचं कारण नाही, पण तो डबा पुन्हा गरम करायला घेऊ नका. पांढरट रेघ, चिरा, चिकटपणा, डगमगणारं बूड, झाकण न बसणं, यातलं एक जरी दिसलं तरी तेच.

मेलामाइनच्या ताटांवर बहुधा त्रिकोण नसतोच. तिथे ही चाचणी करा: काचेच्या पेल्यात एक कप पाणी आणि शेजारी रिकामं ताट, दोन्ही मायक्रोवेव्हमध्ये ठेवून पूर्ण पॉवरवर एक मिनिट चालवा. पाणी गरम आणि ताट गार राहायला हवं. ताटच तापलं तर ते बाद. मेलामाइन असंच तापतं. मात्र ताट गार राहिलं म्हणजे ते सुरक्षित ठरलं असं नाही. ते स्वतः लहरी शोषत नाही, एवढंच कळलं. गरम तर्रीपुढे टिकेल का, हे या चाचणीत दिसत नाही.

रस्सा, कट, तूप घातलेलं काहीही मी तरी खूण असलेल्या डब्यातही गरम करत नाही. काचेच्या किंवा सोनेरी काठ नसलेल्या चिनी मातीच्या भांड्यात ओतते, एक मिनिट चालवते, ढवळते, मग लागलं तर आणखी अर्धं मिनिट. आक्कांच्या त्या वाकड्या डब्यात आता शिवणाची बटणं आहेत. झाकण काही बसत नाही.