म्युच्युअल फंडातून पैसे काढताय? या चुका टाळा

माझा मेहुणा डोंबिवलीहून मुलुंडला शिफ्ट होत होता, भाड्याच्या फ्लॅटचं डिपॉझिट मंगळवारी ५ मे २०२६ ला द्यायचं ठरलं होतं आणि पैसे होते एका फ्लेक्सी कॅप फंडात. गुरुवारी ३० एप्रिलला दुपारी त्याने अ‍ॅपवर २५०० युनिट रिडीम केले, स्क्रीनवर अंदाजे रक्कम १,४०,००० दिसली, तो खूश. मंगळवारी सकाळपासून बॅलन्स चेक करतोय आणि काहीच नाही. संध्याकाळी फोन, "दाजी, पैसे अडकले वाटतं माझे." बुधवारी पैसे आले पण १,३७,०५८ च, तर पुन्हा फोन, "जवळजवळ ३ हजार एक्झिट लोड कापला हो!"

अडकलंही काही नव्हतं आणि एक्झिट लोड, म्हणजे ठरावीक मुदतीच्या आत युनिट विकले तर फंड कापतो ती रक्कम, तीही तेवढी नव्हती. त्याचं स्टेटमेंट घेऊन बसलो तेव्हा एकेक गोष्ट कळत गेली, तेच लिहितोय.

पहिली चूक वेळेची. फ्लेक्सी कॅपसारख्या इक्विटी फंडात कट-ऑफ दुपारी ३ चा. ३ च्या आत रिक्वेस्ट पोचली तर त्याच दिवसाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, नाहीतर पुढच्या कामाच्या दिवसाची. ह्याने बटण दाबलं ३:२५ ला, आणि पुढचा दिवस शुक्रवार १ मे, महाराष्ट्र दिन, शेअर बाजार बंद. मग शनिवार, रविवार. म्हणजे त्याला एनएव्ही लागली थेट सोमवार ४ मे ची! बटण दाबल्यावर चार दिवसांनी भाव ठरला. आणि इथे अजून एक गोम आहे, वेळ धरतात ती रिक्वेस्ट फंडाच्या सिस्टीममध्ये नोंदली जाते ती, तुम्ही अ‍ॅप उघडलं ती नाही. ओटीपी टाकून कन्फर्म करेपर्यंत काहीच झालेलं नसतं, आणि काही अ‍ॅपवाले तर स्वतःचा कट-ऑफ ३ च्याही आधीचा ठेवतात. त्यामुळे २:५५ ला लोकलमध्ये उभ्या उभ्या रिडीम करायला जाऊ नका, नेटवर्क गेलं की गेला तो दिवस.

आता पैसे कधी येणार ते. ज्या दिवसाची एनएव्ही मिळाली तो दिवस टी समजायचा, इक्विटी फंडांचे पैसे साधारण टी प्लस २ कामाच्या दिवसांत येतात, सेबीची कमाल मर्यादा आहे ३ कामाचे दिवस. मेहुण्याचा टी म्हणजे ४ मे, त्यावर दोन दिवस म्हणजे बुधवार ६ मे, म्हणजे पैसे अगदी वेळेत आले. ३० तारखेला ३ च्या आत केलं असतं तर टी ३० एप्रिल, मग सोमवार पहिला दिवस, मंगळवार दुसरा, डिपॉझिटच्या दिवशीच पैसे खात्यात. तेही दिवसभरात कधीही बरं का, सकाळी ११ ला घरमालकाच्या हातात चेक द्यायचा असेल तर एवढ्या काठावर राहू नये. त्यामुळे दिवस मोजताना बटण दाबलेल्या तारखेपासून नाही, एनएव्हीच्या तारखेपासून मोजा आणि मध्ये बाजाराची किंवा बँकेची सुट्टी येतेय का ते कॅलेंडरवर बघा. परदेशात पैसे गुंतवणारे फंड असतील तर ५ दिवसही लागू शकतात, लिक्विड फंडाचे बहुतेक पुढच्याच कामाच्या दिवशी येतात.

मुदत उलटूनही पैसे आले नाहीत तर फंड कंपनीला उशिराचं वार्षिक १५ टक्के व्याज द्यावं लागतं. मेहुण्याच्या रकमेवर ते दिवसाला साधारण ५६ रुपये झालं असतं, म्हणजे श्रीमंत होणार नाही कोणी, पण हक्काचं आहे. पण त्याआधी मुदत खरंच उलटली का ते मोजा, निम्म्या तक्रारी तिथेच संपतात असा माझा अंदाज.

आता ते ३ हजार. लोकांना वाटतं लोड नफ्यावर लागतो. नाही हो, तो विकलेल्या युनिटच्या पूर्ण किमतीवर लागतो, तुम्ही तोट्यात असाल तरी. दुसरा गैरसमज म्हणजे एसआयपी सुरू होऊन वर्ष झालं की सगळे युनिट मोकळे. तसंही नाही, प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं सुरू होतं. मेहुण्याची एसआयपी सप्टेंबर २०२४ पासून, दर महिन्याच्या ५ तारखेला १० हजार, एकूण २० हप्ते, आणि फंडाचा लोड एका वर्षाच्या आत १ टक्का. ४ मे ला बघितलं तर पहिले ८ हप्ते, म्हणजे एप्रिल २०२५ पर्यंतचे, वर्ष ओलांडून गेलेले, त्यांचे युनिट १७००. मे २०२५ चा हप्ता एका दिवसाने हुकला! ५ मे २०२५ ला घेतलेला, विकला गेला ४ मे ला.

युनिट जातात ते सगळ्यात जुने आधी. म्हणजे २५०० पैकी १७०० बिनलोडाचे आणि उरलेले ८०० लोडवाले. सोमवारची एनएव्ही ५५ होती, तर ८०० गुणिले ५५ म्हणजे ४४,०००, त्यावर १ टक्का म्हणजे ४४० रुपये. एवढाच लोड! एसटीटी हा सरकारी कर ०.००१ टक्का, म्हणजे पूर्ण रकमेवर जेमतेम १ रुपया ३७ पैसे. मग बाकीचे २५०० कुठे गेले? अ‍ॅपने जे १,४०,००० दाखवले ते आदल्या एनएव्हीने, ५६ ने. सोमवारी भाव ५५ झाला, युनिटमागे १ रुपया, २५०० युनिट. म्हणजे मोठा फटका भावाचा होता आणि शिव्या खाल्ल्या लोडने.

म्हणून ठरावीक रक्कम हवी असेल तर अ‍ॅपवरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, थोडे जास्त युनिट काढा. आणि पैसे आल्यावर स्टेटमेंटमध्ये चार गोष्टी बघा, एनएव्हीची तारीख, युनिट, लोड आणि एसटीटी. गुणाकार केलात की पैसा न् पैसा जुळतो. एका फंडातून दुसऱ्यात स्विच केलंत तरी हाच लोड लागतो, पैसे बँकेत आले नाहीत म्हणून सुटका नाही. तसंच लोड वेगळा आणि कॅपिटल गेन टॅक्स वेगळा, भारतात राहणाऱ्यांचा टॅक्स इथे कापत नाहीत, तो रिटर्न भरताना बघायचा.

राहिलं बँकेचं. पैसे अ‍ॅपला जोडलेल्या यूपीआय खात्यात येत नाहीत, तर फोलिओत, म्हणजे फंडाकडच्या तुमच्या खात्यात, नोंदवलेल्या बँक खात्यात येतात, आणि युनिट डीमॅटमध्ये असतील तर डीमॅटला जोडलेल्या खात्यात. माझ्या एका मित्राचं खातं होतं विलीन झालेल्या बँकेत, आयएफएससी जुनाच राहिला होता, पेमेंट परत गेलं. फंड म्हणे पाठवले, बँक म्हणे आलेच नाहीत, दोघंही खरं बोलत होते. अशा वेळी फंडाकडून यूटीआर, म्हणजे त्या पेमेंटचा नंबर मागा आणि तो बँकेत दाखवा, पेमेंट परत गेलं असेल तर फंडाच्या रेकॉर्डमध्ये तसं दिसतं. पण बँक बदलायची असेल तर आधी बदला, रिडेम्प्शनबरोबर एकदम नाही. नवीन खात्याची पडताळणी होते, त्यात कूलिंग पिरियडचे काही दिवस जाऊ शकतात आणि तोपर्यंत पेमेंट लांबू शकतं. मेहुण्याने हे मात्र आधीच करून ठेवलं होतं, नाहीतर घरमालकाला बुधवारचीसुद्धा तारीख देता आली नसती.