राजीव आणि जीवन: एका शब्दकोड्याने शिकवलेलं

लेकीच्या वर्गाच्या ग्रुपवर समानार्थी शब्दांच्या कोड्याचा फोटो आला. उभा शब्द ‘कमळ’, आडवा ‘पाणी’, दोन्ही तीन घरांचे. तिने ‘पंकज’ आणि ‘उदक’ लिहिलं. अर्थ बरोबर, घरंही बरोबर, पण ‘कमळ’चं मधलं घर म्हणजेच ‘पाणी’चं पहिलं घर. तिथे क लिहायचा की उ?

आधी फोटो मोठा करून घरं पुन्हा मोजली, कारण कागदाच्या घडीची रेघसुद्धा घराच्या रेघेसारखी दिसते. मोजणी बरोबर होती. मग दोन्हींचे पर्याय शेजारी शेजारी लिहिले: पंकज, सरोज, नीरज, राजीव, उदक, सलिल, जीवन. मराठी कोड्यात मात्रेसकट अख्खं अक्षर एका घरात बसतं, म्हणून ‘सरोज’मधला ‘ज’ आणि ‘जीवन’मधला ‘जी’ एक नाहीत. ‘जी’ जुळला तो फक्त राजीव-जीवन या जोडीत.

तरीही पेनाने लिहिलं नाही. ‘जीवन’च्या न पासून खाली ‘डोळा’ हा तीन घरांचा शब्द होता. ‘नयन’ नेमका बसला. आता आम्ही तिसरा शब्द जुळेपर्यंत पेन्सिलच वापरतो.