जोत्याची भरणी करताना या चुका टाळा

फरशी वाजायला लागली की मला फोन येतो. टाचेने ठोकलं की पोकळ आवाज येतो, भिंतीलगतचं स्कर्टिंग खालून सुटतं, आणि मालक म्हणतो, "फरशीवाल्याने गंडवलं." फरशीवाला बहुतेक वेळा निर्दोष असतो. गडबड त्याच्या खाली, मुरमात असते.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे अख्खं जोतं एका दमात भरणं आणि वरून पाण्याचा टँकर सोडणं. "पाण्याने मुरूम आपोआप बसतो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही, फक्त फावडं मागतो. स्वच्छ वाळू पाण्याने बऱ्यापैकी बसते. मुरमात मात्र बारीक माती असते. पाणी पडलं की वरचा अर्धा-पाऊण फूट चिखल होऊन गच्च बसतो आणि खाली पाणी जाऊच देत नाही. गेलंच तर एखाद्या फटीने सरळ तळाला जातं. मधला मुरूम जेसीबीने टाकला तसा भुसभुशीत राहतो.

एका घराचं सांगतो. हॉल 12 बाय 14 फुटांचा, कोब्याखाली भरणी 3 फूट. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एका बाजूची फरशी खचली आणि स्कर्टिंगखाली बोट जाईल एवढी फट पडली. मी मालकाकडे मुरमाचं बिल मागितलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. हिशोब साधा आहे. 12 गुणिले 14 गुणिले 3 म्हणजे 504 घनफूट, म्हणजे पाच ब्रास. आणि बिलही नेमकं पाच ब्रासचंच! मला तिथेच उत्तर मिळालं. सुटा मुरूम 8 इंच पसरला तर नीट ठोकून साधारण 6 इंच होतो. म्हणजे त्या हॉलला गाडीच्या मापाने साडेसहा ब्रासच्या आसपास मुरूम लागायला हवा होता. जेवढी जागा तेवढाच मुरूम पुरला, तर तो ठोकलेलाच नाही.

फरशी काढून कोबा फोडला. कोब्याखाली हात सरकेल एवढी पोकळी होती. वरचा थर कडक, पण दोन फुटांवर मुरूम कोरडा आणि इतका सुटा की हाताने उकरता येत होता. पावसाळ्यात खालून ओल चढली तसा हा कोरडा मुरूम बसत गेला आणि कोबा अधांतरी राहिला. सगळा मुरूम बाहेर काढून पुन्हा थराथराने भरला. मालकाच्या घरच्यांनी पंधरा दिवस मागच्या खोलीत स्वयंपाक केला.

माझी पद्धत अशी. आदल्या संध्याकाळी ढिगावर पाणी मारायचं आणि सकाळी फावड्याने खालीवर करायचं. मग मूठभर मुरूम घेऊन दाबायचा. लाडू वळला पाहिजे आणि मोडला तर दोन तुकडे व्हायला हवेत. भुगा झाला तर कोरडा, तळहात चिखलाने माखला तर जास्त ओला. जास्त ओल्या मुरमावर मशीन नाचतं, पण तो दबत नाही, नुसता रबरासारखा हलतो. अशा वेळी मी काम थांबवून वाळू देतो, मुकादम कितीही कुरकुरला तरी. प्लेट कॉम्पॅक्टर असेल तर 8 इंचाचा सुटा थर, हाताची धुम्मस असेल तर 6 इंचांपेक्षा जास्त नाही. कोपऱ्यात आणि भिंतीलगत मशीन पोचत नाही, तिथे धुम्मसच लागते. म्हणूनच खचण्याची सुरुवात बहुधा भिंतीलगत होते. प्रत्येक थरानंतर मी 12 एमएमची सळई उभी धरून अंगाचं वजन टाकतो. दोन इंचांपेक्षा जास्त आत गेली की तो थर पुन्हा ठोकायचा. ही काही लॅबची टेस्ट नाही, पण माझ्या कामावर हिच्याशिवाय पुढचा थर पडत नाही.

पायाच्या चरातून निघालेली काळी माती भरणीत परत टाकू नका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि फरशीला सोबत नेते.

ड्रेनेजचा पाइप कोब्याआधी टाका. नंतर कोबा फोडून टाकलेल्या पाइपाभोवतीचा मुरूम कोणीही ठोकत नाही.

आता ओल वर येऊ नये म्हणून कोब्याखाली अंथरायचा प्लास्टिकचा कागद. याने माझं डोकं जास्त उठतं, कारण इथे पैसे खर्च करूनही लोक उपयोग घालवतात. कागद 250 मायक्रॉनचा हवा, दुकानात त्याला 1000 गेज म्हणतात. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. मीटर बाय मीटरचा तुकडा कापून किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा, 230 ग्रॅमच्या जवळपास भरला पाहिजे. शंभर-सव्वाशे भरला तर तो निम्म्या जाडीचा आहे, परत करा.

कागद सोलिंगच्या दगडांवर थेट अंथरला की घमेलं घेऊन चालणाऱ्याच्या पायाखाली दगडाच्या टोकाला फाटतो. आधी दोन इंच कच पसरून दाबून घ्या. दोन पट्ट्यांचा जोड फूटभर एकावर एक आणि टेप मारलेला हवा. कडेला कागद भिंतीपाशी कापू नका, वर वळवून जोत्यावरच्या डीपीसीच्या, म्हणजे भिंतीत चढणारी ओल अडवणाऱ्या थराच्या, पट्ट्याला भिडवा. एका घरात कागद मधे ठीकठाक होता, पण कडेला चार इंच कमी पडला होता. हॉलच्या चारही भिंतींलगत ओलीची चौकट उमटली, एखाद्या रांगोळीची बाह्यरेषा असावी तशी.

आणि ते भोकं पाडणं! कागदावर काँक्रीट ओतलं की जास्तीचं पाणी खाली मुरत नाही, वर तरंगतं. मग एखादा हुशार मिस्त्री सळईने कागदाला भोकं पाडतो, "पाणी जाऊ दे." पाणी ज्या वाटेने खाली जाईल त्याच वाटेने ओल वर येणार, हे त्याला कोण सांगणार? माल मुळात घट्ट कालवा. सिमेंट, वाळू, खडीचं प्रमाण सगळीकडे 1:4:8 चालतं. मी 1:3:6 घेतो, जाडी पूर्ण 4 इंच, आणि जाडीच्या खुंट्या आधी लावतो. खुंट्या नसल्या की मुरमाचे खड्डे भरण्यात मधे पाच इंच जातात आणि कडेला अडीच उरतात. खुंट्या कागदातून ठोकायच्या नाहीत, मालाच्याच ढेकळांवर लेव्हल घ्यायची.

फरशी ओली दिसते म्हणून कागदालाच दोष देण्याआधी एक करा. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक फरशीवर चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि एक दिवस ठेवा. थेंब खालच्या बाजूला धरले तर ओल जमिनीतून येतेय. वरच्या बाजूला धरले तर ती खोलीतल्या दमट हवेची आहे, खिडकी उघडा. पावसाळ्यात मला येणाऱ्या फोनांपैकी काही याच उत्तरावर संपतात. आणि ओल फक्त बाथरूमच्या भिंतीलगत असेल तर आधी नळाचा जोड तपासा. गळक्या पाइपाचं पाणी कागदाच्या वरच साचतं, आणि तिथे कागद ते थांबवत नाही, उलट धरून ठेवतो.