सेदांची लढाई घड्याळ लावून वाचली तेव्हा

एम.ए.ला असताना ‘ब्लिट्झक्रीग’वर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनांच्या झंझावाती युद्धतंत्रावर, मी टिपण लिहिलं. जर्मन रणगाडे फ्रेंच फळी फोडून घुसले, वरून स्टुका विमानं, संपला विषय. सरांनी समासात एकच प्रश्न लिहिला: ‘पहिला रणगाडा म्यूज नदीपलीकडे कधी गेला?’

शोधायला बसले आणि टिपण उलटंपालटं झालं. १३ मे १९४० ला दुपारी फ्रान्समधल्या सेदांजवळ नदी ओलांडली ती पायदळानं, रबरी होड्यांतून. पूल तयार व्हायला रात्र झाली आणि रणगाडे १४ तारखेच्या सकाळी पलीकडे लढायला उतरले. म्हणजे फळी रणगाड्यांनी फोडलीच नव्हती!

मग वेगळं काय होतं? आधी पहिल्या महायुद्धातली, १९१६ ची सोमची लढाई बघा. ब्रिटिशांनी आठवडाभर तोफा डागल्या, म्हणजे हल्ला कुठे होणार ते शत्रूला आधीच कळलं. १९१८ च्या मार्चमध्ये जर्मनांनी तोफमारा काही तासांवर आणला आणि फळी फोडलीही. पण पुढे जाणारे सैनिक पायी, तोफा घोड्यांवर, तर समोरच्यांची राखीव कुमक रेल्वेनं आणि लॉरीनं येणार. भगदाड रुंदावण्याआधीच ते बुजायचं.

सेदांला जर्मन सेनापती गुडेरियनच्या जड तोफा आर्देनच्या जंगलातल्या रस्त्यांवर मागे अडकल्या होत्या. त्यांचं काम विमानांनी केलं. कित्येक तास लाटेमागून लाट येत राहिली. पक्के मोर्चे फारसे फुटले नाहीत, पण टेलिफोनच्या तारा तुटल्या आणि तोफखान्याची माणसं हबकली. संध्याकाळी ब्यूल्सों गावाकडे रणगाडे आल्याची आवई उठली आणि फ्रेंच तोफखाना मागे पळाला. तेव्हा एकही जर्मन रणगाडा नदीपलीकडे गेला नव्हता.

फ्रेंचांकडे प्रतिहल्ल्यासाठी पायदळ आणि हलके रणगाडे होते. संध्याकाळी हालचाल सुरू झाली, पण लेखी आदेशाची वाट आणि पळणाऱ्यांनी तुंबलेले रस्ते यांत रात्र गेली. सकाळी ते निघाले तेव्हा ब्यूल्सोंच्या टेकाडाजवळ जर्मन रणगाडे नुकतेच पोहोचत होते. १९१८ मध्ये कुमक जिंकायची ती शर्यत इथे थोडक्यात हरली. २० मेला जर्मन समुद्रापाशी होते.

तुम्ही नव्यानं या विषयात शिरत असाल तर रणगाड्यांची संख्या आणि चिलखताची जाडी नंतर वाचा. (फ्रेंचांचा ‘बी-१’ चिलखतात जर्मनांना भारी होता.) आधी कागदावर दोन रकाने आखा, हल्लेखोर आणि राखीव कुमक, आणि तासातासाच्या नोंदी करा. मी इथे एक दिवस वाया घालवला: जर्मन घड्याळ फ्रेंचांच्या एक तास पुढे होतं. जर्मन नोंदीत नदी ओलांडायची वेळ चार आहे, फ्रेंचांच्या हिशेबात तेव्हा तीन वाजले होते. दोन्ही वेळा एकाच रकान्यात मिसळल्या की हुकम सुटण्याआधीच तुकडी निघालेली दिसते.

दुसरा तक्ता २१ मेच्या, फ्रान्समधल्याच आरास गावाजवळच्या लढाईचा करा. तिथे जर्मन रणगाडे पुढे आणि त्यांचं पायदळ मागे, अशा फटीत ब्रिटिश घुसले होते.