धावत्या मुलाचं पॅनिंग: मैदानावर जाण्याआधीची तयारी

पॅनिंग म्हणजे शटर संथ ठेवून कॅमेरा धावणाऱ्याबरोबर फिरवत फोटो घेणं; धावणारा स्पष्ट येतो आणि मागचं सगळं आडव्या रेघांत पुसलं जातं. धावणाऱ्या मुलाचं पॅनिंग गाडीच्या पॅनिंगपेक्षा अवघड जातं, आणि त्याचं कारण वेग नाही. गाडी सरळ रेषेत सरकते. मूल मात्र प्रत्येक पावलाला वर-खाली उसळतं. कॅमेरा आडवा कितीही अचूक फिरवला, तरी चेहरा उभ्या दिशेनं पुसला जातो. म्हणून जवळपास सगळी तयारी त्या चेहऱ्यासाठी करायची.

सुरुवात जागेपासून. मूल सरळ धावू शकेल अशी वीसेक मीटरची मोकळी पट्टी निवडा, रस्त्यापासून लांब. तुम्ही त्या पट्टीच्या मध्यासमोर, साधारण आठ मीटरवर उभे राहणार. मागे काय आहे ते नीट पाहा. कोरी भिंत किंवा नुसतं आकाश असेल तर रेघा उमटतच नाहीत, कारण पुसायला तिथे काही नसतं. पानांमधून झिरपणारं ऊन, कुंपणाचे खांब, रंगीबेरंगी कपड्यांची गर्दी यांच्या मात्र सुंदर रेघा होतात. झाडं जवळ आहेत की लांब याची फार चिंता करू नका. कॅमेरा जितक्या कोनातून फिरतो तितकीच रेघ लांब होते, अंतर कितीही असो.

उजेडाचा हिशोब घरीच करून निघा. कडक उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/३० ठेवलं, तर ॲपर्चर f/22 च्याही पलीकडे न्यावं लागतं. बऱ्याच लेन्स तिथवर जातच नाहीत, आणि गेल्या तरी फोटो मऊ पडतो, सेन्सरवरची धूळही दिसू लागते. लेन्समध्ये येणारा उजेड आठपट कमी करणारा, म्हणजे तीन स्टॉपचा एनडी फिल्टर लावला की तोच फोटो f/10 च्या आसपास येतो. फिल्टर नसेल तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. माझा कल संध्याकाळकडे आहे.

कॅमेरा शटर-प्राधान्यावर ठेवा, म्हणजे डायलवर `S` किंवा `Tv`. फोकस सतत पाठलाग करणारा, `AF-C` किंवा `AI Servo`, आणि सलग फोटोंचा मोड चालू. लेन्सच्या स्थिरीकरणात पॅनिंगसाठी वेगळा मोड असेल तर तो निवडा; तो फक्त उभी थरथर सावरतो. तसा मोड नसेल आणि लेन्स पॅनिंग आपोआप ओळखत नसेल, तर स्थिरीकरण बंद केलेलं बरं, नाहीतर ते तुमच्या फिरवण्यालाच विरोध करतं.

शटर किती? आठ मीटरवरून, फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिमीची लेन्स लावली तर मुलाच्या अंतरावर सुमारे ३.४ मीटर रुंदी फ्रेममध्ये मावते. मूल सेकंदाला चार मीटर धावत असेल, तर १/३० सेकंदात ते तेरा सेंटिमीटर पुढे जातं, म्हणजे मागची रेघ फ्रेमच्या रुंदीच्या सुमारे चार टक्के होते. वेग जाणवायला एवढी रेघ पुरते. १/१५ वर ती दुप्पट होते, पण चेहरा हाती लागायची शक्यता खूपच घटते. पहिले फोटो १/६० वर घ्या, हात बसला की १/३० वर या.

आता उभं राहणं. पाय खांद्याइतके फाकवा आणि बोटं जिथे क्लिक करणार त्या दिशेला ठेवा. मूल येतं त्या बाजूला कमरेतून वळा, कोपरं बरगड्यांना टेकवा. मूल समोर यायच्या कितीतरी आधीपासून फोकसचा बिंदू त्याच्या चेहऱ्यावर धरून फिरत राहा. बटण हळूच दाबा आणि दाबल्यावरही फिरणं थांबवू नका. बहुतेक फोटो तिथेच बिघडतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्षण. दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले असतात आणि उडी सर्वांत उंच असते, तेव्हा डोक्याची उभी हालचाल निमिषभर थांबते. तिथे क्लिक झालं तर पाय आणि हात धूसर होतात, डोळे मात्र स्पष्ट येतात. बटण त्याच्या किंचित आधी दाबून तीन-चार फोटो सलग घ्या. आधी एखाद्या सायकलवाल्यावर हात बसवून घेतला तर मुलाला उगाच पळवावं लागत नाही.

मुलाला सांगायचं एवढंच: तिकडे उभ्या असलेल्या आईकडे धाव, माझ्याकडे बघू नकोस. पट्टीच्या दोन टोकांना चपला ठेवल्या की रेष सरळ राहते. मूल तिरकं तुमच्याकडे आलं, तर फ्रेममधला त्याचा आकार बदलतो आणि एकच भाग स्पष्ट राहतो.

पाच-सहा धावांनंतर थांबा आणि फोटो पडद्यावर मोठा करून पाहा. चेहरा आडवा ओढलेला असेल तर तुमचा फिरण्याचा वेग चुकला. उभा ओढलेला असेल आणि मागच्या रेघा सरळ असतील, तर क्षण चुकला. रेघाच नागमोडी दिसत असतील तर हात वर-खाली गेला, कोपरं पुन्हा आत घ्या. आणि मागचं सगळं स्पष्ट, मूल तेवढं पुसलेलं दिसलं, तर बटण दाबताना तुम्ही थांबलात. तोवर मूल दमलं असेल तर त्याला पाणी द्या. दमलेलं मूल पाय ओढत धावतं आणि ती हवेतली उडीच मिळत नाही.