साठामोजणीचा दिवस कसा पार पाडावा: हालचाल थांबवण्यापासून तफावतीच्या मंजुरीपर्यंत

भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या मध्यम कारखान्याचे स्टोअर डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. अशा स्टोअरमध्ये पाचसहाशे प्रकारचा माल असतो, त्यातले नटबोल्ट आणि वॉशर किलोवर मोजले जातात, काही माल प्लेटिंगसाठी बाहेर गेलेला असतो, आणि हिशेब टॅलीत किंवा छोट्या ईआरपीत ठेवलेला असतो. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असल्याने मोजणीलाही तोच दिवस सोयीचा पडतो. मोजणीत निघणाऱ्या तफावतीचा मोठा भाग चोरीचा किंवा गळतीचा नसून कागद आणि माल वेगवेगळ्या वेळी हलल्याचा असतो, असे माझे ठाम मत आहे. म्हणूनच पहिली आणि सर्वांत कडक पायरी हालचाल थांबवण्याची आहे.

हालचाल थांबवणे

बुधवारी संध्याकाळी सहा, अशी एक वेळ ठरवून ती स्टोअर, उत्पादन, खरेदी, डिस्पॅच आणि गेटवरचा सुरक्षारक्षक या सगळ्यांना आठवडाभर आधी लेखी कळवावी. उत्पादन विभागाने शुक्रवारी सकाळी लागणारा माल बुधवारी सहाच्या आत रीतसर स्लिपवर उचलून घ्यावा. तो लाइनवर ठेवला तरी त्याची नोंद इश्यूमध्येच होते, स्टोअरच्या मोजणीत तो येत नाही. लाइनवरचा माल वेगळा मोजायचा असेल, तर त्यासाठी वेगळे ठिकाण आणि वेगळे टॅग ठेवावेत.

सहा वाजता लेखा विभागातील व्यक्तीने स्वतः स्टोअरमध्ये जाऊन प्रत्येक पुस्तकातला शेवटचा क्रमांक लिहून घ्यावा. त्यात शेवटचा जीआरएन म्हणजे आलेला माल स्वीकारल्याची नोंद, शेवटचे बिल, शेवटचे डिलिव्हरी चलन, शेवटची इश्यू स्लिप, शेवटची रिटर्न स्लिप आणि शेवटचे जॉब वर्क चलन यांचा समावेश असतो. या एका कागदाला पुढे अतिशय महत्त्व येते, कारण एखादी नोंद मोजणीच्या आधीची की नंतरची, हा प्रश्न त्यावरूनच सुटतो. त्याच वेळी लेखा विभागाने पुस्तकी साठ्याची यादी काढून ती पीडीएफमध्ये जतन करावी. टॅलीत मागच्या तारखेची नोंद टाकता येते आणि तशी टाकली की त्या दिवसाचा साठा बदलतो. जतन केलेली यादी नसेल, तर तुलना नेमक्या कोणत्या आकड्याशी केली हेच नंतर सांगता येत नाही.

मोजणीच्या दिवशी पुरवठादाराची गाडी आलीच, तर माल उतरवून घ्यावा, पण लाल पट्टीने आखलेल्या वेगळ्या जागेत ठेवावा, त्यावर ‘मोजणीनंतर’ असा फलक लावावा आणि त्याचा जीआरएन शुक्रवारीच करावा. उलट बाजूने, बिल झाले पण गाडीत चढला नाही असा माल बुधवारीच बाजूला काढून त्यावर ‘बिल झालेला, मोजू नये’ असे लिहावे. हाच माल सर्वाधिक वेळा दोनदा धरला जातो, कारण विक्रीतही येतो आणि साठ्यातही.

आणखी तीन कोपरे हमखास विसरले जातात. एक म्हणजे तपासणीसाठी थांबलेला माल, जो गेटच्या आत आहे पण ज्याचा जीआरएन झालेला नाही. दुसरा नाकारलेला माल, जो परत पाठवायचा असतो. तिसरा म्हणजे जॉब वर्कचा माल: आपला जो प्लेटिंगवाल्याकडे आहे त्याचे लेखी पत्र मागवावे, आणि ग्राहकाने आपल्याकडे कामासाठी पाठवलेला माल आपल्या साठ्यात धरू नये. प्लेटिंगवाल्याचे पत्र मोजणीच्या दिवसाच्याच तारखेचे असावे. जीएसटीच्या कलम १४३ नुसार जॉब वर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागत असल्याने जुन्या चलनांची छाननीही याच निमित्ताने उरकते.

टॅग लावणे

टॅग छापील अनुक्रमांकाचे आणि मधोमध छिद्रांची रेघ असलेले दोन भागांचे घ्यावेत. खालचा भाग पहिल्या मोजणीचा आणि वरचा फेरमोजणीचा असतो. टॅगवर मालाचा कोड, वर्णन, रॅकचा क्रमांक, एकक, मोजलेली संख्या आणि दोघांच्या सह्या यांच्यासाठी जागा असावी, पण पुस्तकी आकडा तिथे कधीही लिहू नये. एकक आधीच भरून ठेवावे, कारण ‘पाकीट’ आणि ‘नग’ यांच्या गोंधळामुळे एका ओळीत शंभरपटींची चूक होऊ शकते.

कोणत्या जोडीला कोणत्या क्रमांकाचे टॅग दिले, याची नोंदवही ठेवावी आणि दिवस संपताना प्रत्येक टॅगचा हिशेब घ्यावा. समजा ४०० टॅग वाटले, ३७२ भरून आले, ३ खराब म्हणून रद्द झाले आणि २५ कोरे परत आले, तर बेरीज जुळते. एक जरी कमी पडला, तरी तो सापडेपर्यंत कोणालाही घरी सोडू नये, कारण तो एखाद्या रॅकवर भरलेल्या आकड्यासह लटकत असू शकतो आणि मग ती ओळ यादीत शून्य दिसते. आकडा चुकला तर खाडाखोड न करता रेघ मारून बाजूला नवा लिहावा आणि सही करावी.

पहिली मोजणी आणि फेरमोजणी

मोजणारी जोडी स्टोअरबाहेरची असावी. एकाने मोजावे आणि दुसऱ्याने लिहावे. स्टोअरकीपरने माल ओळखून द्यावा, उंचावरचे क्रेट उतरवून द्यावेत, पण स्वतः मोजू नये.

वजनावर मोजताना नमुना शंभर नगांचा घ्यावा. काट्याचा लघुत्तम अंश ५ ग्रॅम असेल, तर वाचनात अडीच ग्रॅमपर्यंत फरक पडू शकतो. १४२ ग्रॅम भरणाऱ्या दहा बोल्टांवर हा फरक पावणेदोन टक्क्यांचा होतो आणि चार हजार बोल्टांमागे सत्तरएक नगांची चूक देतो. तोच फरक शंभर बोल्टांच्या १.४२ किलोवर धरला, तर चूक सातएक नगांवर येते. काट्यावर वैधमापन विभागाचा चालू मुदतीचा शिक्का आहे ना, हेही मोजणीच्या आधीच पाहावे.

फेरमोजणी दुसऱ्या जोडीने करावी आणि तिला पहिला आकडा दिसू नये, म्हणून टॅगचा खालचा भाग आधीच फाडून लेखा विभागाच्या टेबलावर गेलेला असावा. फेरमोजणी सर्व महाग मालाची करावी, ठरलेल्या मर्यादेपलीकडे फरक दिसणाऱ्या प्रत्येक ओळीची करावी, आणि शिवाय फरक नसलेल्या काही ओळीही मधूनच निवडाव्यात. दोन मोजण्या जुळल्या नाहीत, तर तिसरी जोडी मोजते. सरासरी काढून आकडा ठरवण्याची सवय काही ठिकाणी आहे, ती पूर्णपणे बंद करावी.

हे एका उदाहरणावरून नीट दिसेल. एम-८ × २५ बोल्टचा पुस्तकी साठा १२,६०० आहे. पहिल्या जोडीला प्रत्येकी २,००० नगांचे चार सीलबंद क्रेट, म्हणजे ८,००० नग मिळाले, आणि सुटे बोल्ट काट्यावर ५८.२२ किलो भरले. एका नगाचे वजन १४.२ ग्रॅम धरून त्यांनी ४,१०० सुटे आणि एकूण १२,१०० असा आकडा लिहिला. पुस्तकाच्या मानाने ५०० कमी, म्हणून ओळ फेरमोजणीला गेली. दुसऱ्या जोडीने रिकाम्या क्रेटचे १.४२ किलो वजा केले, सुटे ५६.८० किलो, म्हणजे ४,००० नग धरले आणि एकूण १२,००० लिहिले. तिसऱ्या जोडीचा आकडाही १२,००० आला, म्हणून मोजणीचा आकडा तोच ठरला.

आता पुस्तकाकडे वळावे. स्लिपा तपासल्यावर असे आढळले, की बुधवारी पाच वाजता लाइनला दिलेल्या ५०० बोल्टांची स्लिप इश्यूच्या स्लिपबुकात आहे, तिचा क्रमांक थांबवण्याच्या वेळी टिपलेल्या शेवटच्या क्रमांकाच्या अलीकडचा आहे, पण संगणकात ती चढलेली नाही. म्हणजे खरा पुस्तकी साठा १२,१०० होता. इथे मोठा धोका दडलेला आहे. पहिल्या जोडीचा चुकीचा आकडाही नेमका १२,१०० होता, आणि कोणी फेरमोजणी न करता आधी स्लिप शोधली असती, तर ‘हिशेब जुळला’ म्हणून ओळ बंद झाली असती. आधी मालाचा आकडा पक्का करावा आणि मगच पुस्तकाला हात लावावा, हा क्रम याचसाठी पाळायचा असतो.

तफावतीची मंजुरी

राहिलेल्या स्लिपची ५०० नगांची नोंद ही तफावत नव्हे. ती बुधवारच्याच तारखेने इश्यू म्हणून चढवावी आणि जतन केलेल्या यादीशेजारी तिचा उल्लेख करावा. खरी तफावत १०० नगांची उरते. ४.२० रुपये दराने ती ४२० रुपयांची आणि साठ्याच्या ०.८ टक्क्यांच्या आसपासची होते. वजनावर मोजल्या जाणाऱ्या मालासाठी एक टक्का सहनमर्यादा आधीच लेखी ठरली असेल, तर ती स्टोअर व्यवस्थापकाच्या पातळीवर मंजूर होऊ शकते.

मर्यादा रुपयांत आणि टक्क्यांत, अशा दोन्ही प्रकारे ठरवाव्यात आणि दोन्हींपैकी एक जरी ओलांडली तरी प्रकरण वर जावे. ठराविक रकमेपर्यंत स्टोअर व्यवस्थापक, त्यापुढे लेखा प्रमुख आणि त्यापुढे संचालक, अशी साधी उतरंड पुरते. ज्याच्या ताब्यात माल आहे तो स्टोअरकीपर आणि ज्यांनी मोजला ते, यांच्यापैकी कोणाचीही मंजुरीची सही नसावी. प्रत्येक ओळीसमोर कारण लिहावे, आणि कारण सापडले नसेल तर ‘कारण आढळले नाही’ असेच लिहावे. ‘किरकोळ फरक’ हे कारण नव्हे.

एका मालाची घट दुसऱ्याच्या वाढीतून वजा करू नये. एम-८ × २५ मध्ये शंभर कमी आणि एम-८ × ३० मध्ये शंभर जास्त निघाले, तर अदलाबदलीचा संशय रास्त आहे, पण नोंदी दोन स्वतंत्र कराव्यात आणि कारणात एकमेकींचा संदर्भ द्यावा. कारो २०२० हा लेखापरीक्षण अहवालाबाबतचा आदेश लागू असलेल्या कंपन्यांच्या अहवालात साठ्याच्या प्रत्येक वर्गातील १० टक्के किंवा त्याहून अधिक तफावतीबद्दल लेखापरीक्षकाला लिहावे लागते, त्यामुळे घट आणि वाढ वेगवेगळी दिसणे तिथेही आवश्यक ठरते.

सर्व टॅगांचा हिशेब लागला आणि फेरमोजण्या संपल्या, की हालचाल पुन्हा सुरू करता येते. मंजुरीसाठी ती अडवून ठेवण्याची गरज नसते, कारण तुलना जतन केलेल्या यादीशी होते. मंजूर तफावतीची नोंद लेखा विभागानेच चढवावी. हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा निर्लेखित केलेल्या मालावर घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट जीएसटीच्या कलम १७(५)(एच) नुसार परत करावे लागते, म्हणून घटीच्या अंतिम यादीची एक प्रत त्याच दिवशी जीएसटीचे काम पाहणाऱ्याच्या हाती द्यावी.